न्यूबार चेंबरच्या फोटोवरून पेशी मोजताना

मेलेल्या पेशींना निळं करणारं ट्रिपॅन ब्लू मिसळलं की हातात फार वेळ नसतो. तीन ते पाच मिनिटांत मोजणी आटोपली नाही, तर धडधाकट पेशीही हळूहळू निळ्या व्हायला लागतात आणि जिवंत किती, मेलेल्या किती हा हिशोब बिघडतो. त्यात एका सूक्ष्मदर्शकासाठी चारजण थांबलेले असतील तर घाई अजून वाढते. म्हणून आमच्या मुंबईतल्या लॅबमध्ये नव्याने आलेल्यांना आम्ही न्यूबार चेंबरचे, म्हणजे पेशी मोजायच्या जाळीदार काचेचे, फोटो काढायला शिकवतो. ठरल्या वेळात फोटो घ्यायचे आणि मोजणी नंतर निवांत बसून करायची. शंका आली तर तोच फोटो दुसऱ्यालाही मोजायला देता येतो.

फोटोची एक मोठी अडचण आहे, ती आधीच सांगते. डोळा आयपीसला लावलेला असताना एखादी पेशी निळी की नुसतीच काळपट, असा प्रश्न पडला तर आपण फोकसचा नॉब जरासा फिरवून बघतो. फोटोत तशी सोय नाही. आणि चेंबर कसं भरलं, डायल्युशन कसं केलं, यातली चूक फोटो आपणहून दाखवत नाही. तेव्हा मोजणी फोटोवर होणार असली तरी निम्मं काम फोटोच्या आधीच असतं.

इथे मी एकच प्रकार धरते: फ्लास्कमधून ट्रिप्सिनने सोडवलेल्या कल्चरच्या पेशी, सुधारित न्यूबार चेंबर आणि सूक्ष्मदर्शकाला लावलेला फोन किंवा कॅमेरा. रक्तपेशी किंवा यीस्ट मोजताना जाळी हीच असते, पण मोजायचे चौकोन आणि डायल्युशन वेगळं असतं.

जाळी आणि ते १० हजार कुठून येतात

चेंबरवर मधोमध दोन चौथरे असतात आणि प्रत्येकावर एकेक जाळी कोरलेली असते. पूर्ण जाळी ३ मिलिमीटर लांब आणि ३ मिलिमीटर रुंद. तिचे नऊ मोठे चौकोन होतात, प्रत्येक १ मिलिमीटर बाजूचा. कव्हर ग्लास नीट बसली की काच आणि जाळी यांच्यात ०.१ मिलिमीटर जागा राहते. म्हणजे एका मोठ्या चौकोनावर ०.१ घन मिलिमीटर, अर्थात ०.१ मायक्रोलिटर द्रव असतो. एका मिलिलिटरमध्ये असे १० हजार चौकोन मावतात. एका मोठ्या चौकोनातल्या सरासरी पेशींना १० हजारांनी गुणलं की चेंबरमधल्या द्रवात मिलिलिटरला किती पेशी आहेत ते कळतं.

हा गुणक पाठ केलेला असतो, पण तो मोठ्या चौकोनापुरताच आहे हे विसरलं जातं. मधल्या मोठ्या चौकोनाची २५ घरं केलेली असतात. त्यातली पाच घरं मोजायची पद्धत लहान पेशींसाठी वापरतात. त्या पाच घरांवरचा द्रव ०.०२ मायक्रोलिटर असतो, म्हणून पाच घरांच्या एकूण बेरजेला ५० हजारांनी गुणावं लागतं. कल्चरच्या पेशींसाठी आपण चार कोपऱ्यांतले मोठे चौकोन घेतो. त्यांची प्रत्येकी फक्त १६ घरं असतात, रेघा विरळ असतात आणि फोटोत पेशी रेघांमागे लपत नाहीत. मधल्या चौकोनात रेघांची इतकी दाटी असते की फोटोत पेशीची कड कुठली आणि रेघ कुठली, हे ठरवताना डोळे शिणतात.

डायल्युशन

कोपऱ्याच्या एका चौकोनात २० ते ५० पेशी आल्या तर मोजायला बऱ्या. त्याहून कमी आल्या तर आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि शंभरच्या वर गेल्या तर पेशी एकमेकींवर चढतात. फोटोत एकीखाली दुसरी दडली असेल तर ती सापडायचीच नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. टी-७५ फ्लास्कमधल्या पेशी सोडवून ४ मिलिलिटर मीडियामध्ये घेतल्या. नमुना काढण्याआधी ट्यूब चार-पाच वेळा हळूच उलटीसुलटी करायची, कारण या पेशी एक-दोन मिनिटांतच खाली बसू लागतात. वरच्या थरातून पिपेट केलं तर पेशी कमी येतात, तळातून केलं तर जास्त. मग १०० मायक्रोलिटर सस्पेन्शनमध्ये २०० मायक्रोलिटर पीबीएस घातलं. एकूण ३०० झालं, म्हणजे डायल्युशन ३ पट. त्यातलं ५० मायक्रोलिटर घेऊन ०.४ टक्के ट्रिपॅन ब्लू ५० मायक्रोलिटर मिसळलं, हे २ पट. एकूण डायल्युशन ३ गुणिले २, म्हणजे ६.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, वहीत ट्रिपॅन ब्लूचं २ लिहिलं जातं आणि आधीचे ३ राहून जातात. उत्तर तिपटीने कमी येतं आणि फोटोत त्याचा मागमूसही नसतो. दुसरी, एकास दहा असं कुणी तोंडी सांगितलं की एक भाग नमुना आणि दहा भाग पीबीएस घेतलं जातं. त्याने अकरा पट होतं. दहा पटीसाठी एकात नऊ घालायचे. म्हणून डायल्युशन ट्यूबवरच मार्करने लिहा आणि गुणोत्तराऐवजी किती मायक्रोलिटरमध्ये किती घातलं ते लिहा. १००+२००, ५०+५०. महिन्याभराने वही उघडली तरी यात गोंधळ होत नाही.

चेंबर भरणं

चेंबर आणि कव्हर ग्लास ७० टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी करा. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत काचेवर ओलाव्याचा पातळ पापुद्रा धरतो. एसीच्या खोलीतली गार काच बाहेरच्या दमट पॅसेजमध्ये आणली तर ती लगेच धुरकट होते. पुसलेली काच उजेडात तिरकी धरून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कव्हर ग्लास चेंबरबरोबर आलेलीच वापरा. ती जाड असते आणि तिचा पृष्ठभाग सपाट राखलेला असतो. ती फुटली की हाताशी असलेली साधी कव्हर स्लिप लावायचा मोह होतो, पण ती पातळ असल्यामुळे द्रवाच्या ताणाने वाकते आणि खोली ०.१ मिलिमीटर राहत नाही. प्रिन्सेस स्ट्रीटला दुकानात जाल तेव्हा हिमोसायटोमीटरची कव्हर ग्लास असं स्पष्ट सांगून घ्या; हिमोसायटोमीटर म्हणजे हे मोजणीचं चेंबरच. काच दोन्ही बाजूंच्या आधारपट्ट्यांवर हलकेच दाबून सरकवली की तिथे इंद्रधनुष्यासारखी रंगीत वलयं दिसतात. ती दिसली म्हणजे काच नीट टेकली.

आता ट्रिपॅन ब्लू घातलेला नमुना पुन्हा एकदा ढवळून १० मायक्रोलिटर घ्या, टीपच्या बाहेरचा थेंब पुसा आणि टीप काचेच्या कडेला टेकवा. द्रव आपोआप आत ओढला जातो. चौथरा भरला की थांबा. जास्त झालेला द्रव बाजूच्या खाचेत उतरला तर काच किंचित उचलली जाते, खोली वाढते आणि मोजणी खोटी वर जाते. खाचेत उतरलेला द्रव टिपून घेऊन वेळ मारून नेऊ नका, कारण टिपताना आतल्या पेशीही ओढल्या जातात. चेंबर धुऊन पुन्हा भरा. बुडबुडा आला तरी तेच.

भरल्यावर मिनिटभर थांबायचं. पेशी तळाला बसतात आणि सगळ्या एकाच फोकसमध्ये येतात. थांबायचं ते एसीच्या झोताखाली नाही, तिथे कडा भराभर सुकतात.

फोटो

पहिला फोटो ४ एक्स ऑब्जेक्टिव्हने सगळ्या जाळीचा. तो मोजायचा नाही, पुरावा म्हणून ठेवायचा. पेशी एका बाजूला जमल्या आहेत का, बुडबुडा आहे का, कुठे कोरडा डाग आहे का, हे या एकाच फोटोत कळतं. दहा सेकंदांचं काम आहे आणि नवखे नेमकं हेच टाळतात.

मग १० एक्सवर कोपऱ्याचा एकेक मोठा चौकोन. चौकोनाच्या चारही हद्दी फोटोत पूर्ण यायलाच हव्यात. आयपीसमधून दिसणारं वर्तुळ कॅमेऱ्याच्या आयतापेक्षा मोठं असतं, त्यामुळे डोळ्याला पूर्ण दिसलेला चौकोन फोटोत एका बाजूने कापला जाऊ शकतो. असा कापलेला फोटोच हाती असेल, तर त्यात पूर्ण आलेली घरं मोजा आणि तेवढ्यांचाच हिशोब करा. १६ पैकी १२ घरं आली असतील तर बेरजेला १६ ने गुणून १२ ने भागायचं. अख्खा चौकोन होता असं धरून चालायचं नाही.

फोन अ‍ॅडॉप्टरमध्ये बसवा, झूम वापरू नका. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड लॉक होतो, तो करून घ्या. नाहीतर दर फोटोला फोन आपल्या मनाने उजेड बदलतो आणि एका फोटोतला निळा दुसऱ्यात करडा होतो. कंडेन्सरचा डायफ्राम थोडा बंद करा म्हणजे पेशींच्या कडा उठून दिसतात. अगदी बंद केला तर प्रत्येक पेशीभोवती काळं कडं येतं आणि जिवंत पेशीही मेलेली वाटायला लागते.

फोटोतला सगळ्यात मोठा धोका हाच आहे. जिवंत पेशी नीट फोकसमध्ये असेल तर तिचा मधला भाग उजळ दिसतो आणि कड रेखीव असते. मेलेली पेशी सरसकट निळी असते, बरेचदा थोडी फुगलेली, तिच्यात चमक नसते. पण फोकस जरासा सरकला की जिवंत पेशीचा मधला भागही काळवंडतो. म्हणून प्रत्येक चौकोनाचे दोन फोटो घ्या: एक रेघा रेखीव दिसतील असा, दुसरा नॉब किंचित वर नेऊन पेशींचे मध्य चमकतील असा. मोजायचं पहिल्यावर. शंका आली तर तीच पेशी दुसऱ्या फोटोत शोधायची. दोन्हींत निळी असेल तरच मेलेली.

फाइलला लगेच नाव द्या, जसं `A_1_regha.jpg` आणि `A_1_peshi.jpg`. आयपीसमध्ये प्रतिमा उलटी दिसत असल्यामुळे स्लाइड उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे जातं, आणि गडबडीत एकच कोपरा दोनदा टिपला जातो. दोन फोटोंतला पेशींचा नक्षा हुबेहूब सारखा दिसला तर तसं झालं आहे असं समजा.

एक गोष्ट फोनबद्दल. ज्या हातमोज्यांनी पेशी हाताळल्या त्या हातमोज्यांनी फोनला हात लावायचा नाही. दोघं मिळून काम करा, किंवा हातमोजे काढून मग फोन घ्या.

मोजणी

संगणकावर फिजी हे प्रतिमा तपासायचं सॉफ्टवेअर असेल तर `Plugins > Analyze > Cell Counter` उघडा. `Initialize` दाबून जिवंत पेशींना `Type 1` आणि मेलेल्यांना `Type 2` द्या. प्रत्येक पेशीवर क्लिक केलं की खूण राहते, त्यामुळे एकच पेशी दोनदा मोजली जात नाही. `Save Markers` ने खुणाही जपून ठेवा. आपोआप मोजणारी साधनं या जाळीवर लगेच वापरू नका. रेघा एकमेकींना छेदतात ते ठिपके त्यांना पेशी वाटतात आणि रेघेवर बसलेली पेशी रेघेतच विरघळते. वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे, खालच्या ओळीत उजवीकडून डावीकडे, असं एकेक घर घेत जा.

“मॅडम, रेघेवर बसलेल्या धरू की सोडू?” हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो विचारायलाच हवा. नियम असा: वरच्या आणि डावीकडच्या हद्दीला टेकलेल्या धरायच्या, खालच्या आणि उजवीकडच्या सोडायच्या. हद्द म्हणून तीन रेघा शेजारीशेजारी असतील तर मधली रेघ हीच हद्द. आतल्या घरांच्या रेघांवर बसलेली पेशी कुठल्या घरात टाकली याने फरक पडत नाही, ती एकदाच मोजली म्हणजे झालं. फोटो फिरलेला असला तरी बिघडत नाही. लागून असलेल्या दोन बाजू धरायच्या आणि उरलेल्या दोन सोडायच्या, एवढं पाळा.

हे न पाळल्याने किती फरक पडतो ते बघा. पेशी १५ मायक्रॉनची आणि चौकोन १ मिलिमीटरचा असेल, तर चारही बाजूंच्या टेकलेल्या पेशी धरल्याने आकडा साधारण ३ टक्के वाढतो. तोच हिशोब मधल्या ०.२ मिलिमीटरच्या घरांवर, प्रत्येक घर सुटं धरून केला तर वाढ १५ टक्क्यांच्या आसपास जाते. घर जितकं लहान, तितका त्यातल्या पेशींमध्ये कडेवरच्यांचा वाटा मोठा. कोपऱ्याचे मोठे चौकोन घ्यायचं हे दुसरं कारण.

पेशींचे गठ्ठे दिसले आणि त्यातल्या पेशी वेगवेगळ्या ओळखता आल्या तर त्या एकेक करून मोजा. पण दहातली एक पेशी गठ्ठ्यात सापडत असेल तर मोजणी थांबवा, सस्पेन्शन पिपेटने हळुवार वरखाली करून गठ्ठे सोडवा आणि नवा नमुना भरा. गठ्ठ्यात किती असतील याचा अंदाज धरून आकडा लिहिण्यात अर्थ नाही.

हिशोब, आणि आकड्यावर किती विसंबायचं

आपल्या उदाहरणात चार कोपऱ्यांत जिवंत पेशी ४१, ३६, ४४ आणि ३९ आल्या. बेरीज १६०, सरासरी ४०.

```
४० × ६ × १०,००० = २४,००,००० पेशी प्रति मिलिलिटर
```

मूळ सस्पेन्शन ४ मिलिलिटर होतं, म्हणजे सगळ्या मिळून ९६ लाख. नमुना आणि डायल्युशनसाठी काढलेला थोडा भाग यातून वजा जाईल. मेलेल्या १२ होत्या. १७२ पैकी १६० जिवंत, म्हणजे ९३ टक्के. सहा वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येकी ३ लाख पेशी २ मिलिलिटरमध्ये घालायच्या असतील तर १८ लाख लागतील: ०.७५ मिलिलिटर सस्पेन्शन आणि ११.२५ मिलिलिटर मीडिया.

हा २४ लाखांचा आकडा किती पक्का आहे? पेशी चेंबरमध्ये कशाही पडतात, त्यामुळे सगळं अचूक करूनही बेरजेच्या वर्गमुळाएवढी चढउतार राहतेच. १६० चं वर्गमूळ सुमारे १२.६, म्हणजे ८ टक्के. दुप्पट धरली तर खरा आकडा २० ते २८ लाखांच्या दरम्यान कुठेतरी आहे. चेंबरची दुसरी बाजूही मोजून बेरीज ३२० च्या आसपास नेली तर हे ८ टक्के साडेपाचवर येतात. मात्र दुसरी बाजू त्याच ट्यूबमधून भरली असेल तर पिपेटची चूक दोन्हीकडे सारखीच असणार. डायल्युशनचीच शंका असेल तर मूळ सस्पेन्शनमधून नवीन डायल्युशन करा.

आता समजा चार चौकोनांत ५८, ३१, २९ आणि ६२ आल्या. बेरीज १८०, सरासरी ४५. बेरीज १६० पेक्षा जास्त आहे म्हणून आकडा जास्त चांगला वाटेल, पण तो वापरण्याजोगा नाही. तपासायचं असं: प्रत्येक आकड्याचा सरासरीपासूनचा फरक घ्या, त्याचा वर्ग करा, चारही वर्गांची बेरीज करा आणि सरासरीने भागा. इथे १६९, १९६, २५६ आणि २८९ मिळून ९१०, भागिले ४५, म्हणजे २० च्या वर. चार चौकोनांसाठी हे उत्तर ८ च्या वर गेलं तर पेशी सारख्या पसरलेल्या नाहीत असं धरा. आपल्या पहिल्या उदाहरणात ते १ च्याही खाली येतं.

असं झालं की ४ एक्सचा फोटो उघडा. द्रव जिथून आत गेला त्या बाजूला पेशी दाट दिसल्या तर नमुना भरण्याआधी ढवळलेला नव्हता किंवा चेंबर फार हळू भरलं. मधे पेशी नसलेली जागा दिसली तर काचेवर तेलकट डाग होता. आणि एकाच चौकोनाच्या दोन फोटोंत सगळ्या पेशी एकाच दिशेला सरकलेल्या दिसल्या तर कड सुकून आत प्रवाह सुरू झालाय. यातलं कारण कुठलंही असलं तरी फोटोवर दुरुस्ती होत नाही. चेंबर धुवा आणि पुन्हा भरा.

धुताना द्रव सुकू देऊ नका. माणसाच्या पेशी असतील तर लॅबच्या नियमाप्रमाणे आधी ब्लीच, मग पाणी, मग ७० टक्के अल्कोहोल, आणि धागे न सुटणाऱ्या टिश्यूने टिपून घ्यायचं. जाळीवर घासायचं नाही. ओरखडा पडला की पुढच्या प्रत्येक फोटोत तो एक जादा रेघ होऊन येतो.